नियमावर बोट ठेवणे आणि नियमातून कारण देणे

मुदत उलटून गेल्यावर परतावा मागणाऱ्या ग्राहकाला नकार कळवताना ‘उत्तर नियमाला धरून असू द्या आणि सौम्य असू द्या’ अशी सूचना बहुतेक दुकानांत दिली जाते. साड्या आणि कपडे ऑनलाइन विकणाऱ्या एका लहान दुकानाची अशी उत्तरे मी गेली काही वर्षे तपासत आहे, आणि या सूचनेचा अर्थ दरवेळी एकाच पद्धतीने चुकतो. लिहिणारा आरंभी ‘आमच्या पॉलिसीनुसार’ हे शब्द घालतो, शेवटी दिलगिरी जोडतो आणि काम झाले असे समजतो. प्रत्यक्षात त्याने फक्त नियमावर बोट ठेवलेले असते. नियमातून कारण दिलेले नसते. माल परत घेणे, बदलून देणे आणि पैसे परत करणे यांतला फरक वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यात मी शिरत नाही.

एक प्रसंग घेऊ. २,४५० रुपयांची सुती साडी ४ मार्चला घरपोच झाली. दुकानाची परतीची मुदत १० दिवसांची असून ती माल मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजली जाते, म्हणजे शेवटचा दिवस १४ मार्च. ग्राहक बाईंनी २३ मार्चला लिहिले की सासूबाई रुग्णालयात असल्यामुळे पार्सल उघडायलाच उशीर झाला. साडी चांगली आहे, टॅगही तसाच आहे, फक्त रंग मनासारखा नाही, तेव्हा पैसे परत मिळावेत. त्यांना तयार झालेले उत्तर असे होते:

‘नमस्कार मॅडम, तुमची अडचण आम्ही समजू शकतो, परंतु आमच्या पॉलिसीनुसार १० दिवसांनंतर रिफंड देणे शक्य नाही. आपण वेळेत कळवणे आवश्यक होते. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

या उत्तरात नियमाचा उल्लेख आहे, पण नकाराचे कारण म्हणून वाचणाऱ्याच्या मनात राहते ते दुसरेच वाक्य, म्हणजे ‘आपण वेळेत कळवणे आवश्यक होते’. तिथे नकार नियमावरून सरकून माणसावर येतो. त्या बाईंना कळते ते एवढेच की चूक त्यांची आहे आणि सासूबाईंचे आजारपण दुकानाला पुरेसे वाटलेले नाही. मग त्या रुग्णालयाची कागदपत्रे पाठवतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही, कारण वाद त्यांच्या कारणाच्या खरेपणावर आहे असे दुकानानेच सुचवलेले असते.

नियमातून दिलेले कारण वेगळे असते. त्यात नियम काय आहे, तो कोणत्या तारखेपासून मोजला, या मागणीवर तो लावल्यावर काय निघाले आणि ती मुदत मुळात का ठेवली आहे, हे चारही भाग असावे लागतात. पहिले तीन भाग हिशेबाचे आहेत आणि ग्राहकाला स्वतः पडताळता आले पाहिजेत. ‘१० दिवसांनंतर’ एवढ्यावर कोणीही विचारेल की दिवस ऑर्डर दिल्यापासून मोजायचे की माल मिळाल्यापासून. म्हणून ४, १४ आणि २३ मार्च या तारखा उत्तरात यायलाच हव्यात. चौथा भाग मात्र जवळजवळ नेहमी गाळला जातो, आणि घातलाच तर चुकीचा घातला जातो. ‘साडी वापरून परत केली जाण्याची शक्यता असते’ हे कारण अनेक दुकानांच्या बाबतीत खरे असेल, पण ते या बाईंना सांगणे म्हणजे त्यांच्यावर संशय घेणे होय. आमच्या दुकानात दुसरे कारणही तितकेच खरे आहे: परतीची मुदत संपली की त्या साडीचे पैसे विणकराला चुकते केले जातात. हे कारण सगळ्या ग्राहकांना सारखेच लागू पडते आणि त्यात कोणाच्या वागण्याचा प्रश्न येत नाही. सांगण्याजोगे असे खरे कारण हाताशी नसेल, तर ते रचू नये. तीन भागांवर थांबावे.

माझी तपासणी साधी आहे. मागणी करणाऱ्याचे नाव आणि त्याची अडचण बदलून तेच उत्तर पुन्हा वाचावे. आजारपणाऐवजी कोणी ‘विसरलो’ असे लिहिले असते, तरी कारणाचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे लागू पडले, तर कारण नियमाचे आहे. एखादे वाक्य बदलावे लागले, तर तिथे लिहिणाऱ्याने माणसाचे मोजमाप केले आहे.

सौम्यपणाबद्दल थोडक्यात. ‘समजू शकतो, परंतु’ ही जोडी मला सर्वांत खटकते, कारण ‘परंतु’ने आधीचे सांत्वन पुसले जाते. अडचणीची दखल स्वतंत्र वाक्यात घ्यावी आणि तिला नकाराशी जोडू नये. ‘शक्य नाही’ असेही लिहू नये. दुकानाला ते शक्य असते, दुकान ते करत नाही, आणि तसे सांगणे अधिक प्रामाणिक आहे. नकार पहिल्या दोन-तीन वाक्यांत यावा. पुन्हा लिहिलेले उत्तर असे झाले:

‘नमस्कार मॅडम, सासूबाईंची प्रकृती आता बरी असेल अशी आशा आहे. या साडीचे पैसे आम्ही परत करणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. साडी आपल्याला ४ मार्चला मिळाली; परतीचे १० दिवस १४ मार्चला पूर्ण झाले आणि आपली मागणी २३ मार्चला आली. मुदत संपली की आम्ही विणकराला त्या साडीचे पैसे देतो, म्हणून त्यानंतर कोणत्याही ग्राहकाला परतावा देत नाही. टॅग असलेली साडी मात्र ३० दिवसांपर्यंत, म्हणजे ३ एप्रिलपर्यंत, तेवढ्याच किमतीच्या दुसऱ्या साडीशी बदलून मिळते. रंग कळवलात तर त्या रंगातल्या साड्यांचे फोटो पाठवते.’

बदलून देण्याची सोय इथे नियमातच होती म्हणून ती लिहिली. ती नसती, तर ‘वरिष्ठांशी बोलून पाहते’ असे लिहिणे मी खोडले असते. ज्यातून काही निघणार नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे, अशी आशा लावणे म्हणजे तोच नकार आठ दिवसांनी देणे आहे.

हे सारे पसंती बदलल्यामुळे केलेल्या परतीपुरतेच लागू आहे. त्याच बाईंनी ‘पदराजवळ वीण सुटली आहे’ असे लिहिले असते, तर हे उत्तर कितीही गोड शब्दांत लिहिले तरी चुकीचे ठरले असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या नियमांनुसारही सदोष, बनावट किंवा जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘रंग मनासारखा नाही’ या वाक्याचा अर्थ ‘फोटोत दिसला तसा नाही’ असाही होऊ शकतो. म्हणून वरील उत्तर पाठवण्याआधी आम्ही बाईंना साडीचा उजेडात काढलेला फोटो मागितला आणि तो आमच्या पानावरच्या फोटोशी ताडून पाहिला. रंग जुळत होता, आणि मगच उत्तर गेले.