कापड पडतं कसं, हे फोटोला कोण सांगणार?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या लहान बुटिकमध्ये गिऱ्हाईक येवल्याहून आणलेलं पैठणीचं सिल्क टेबलावर उलगडतं आणि विचारतं, "याचा कळीदार कुर्ता मला कसा दिसेल?" हल्ली यावर चित्रच दाखवता येतं. गिऱ्हाइकाचा फोटो द्यायचा, कपड्याचा फोटो द्यायचा, की संगणक तो कपडा अंगावर चढवून देतो. चित्र झकास येतं. कुर्ता शिवून झाल्यावर मात्र घेर चित्रातल्यासारखा पडत नाही आणि दोष टेलरच्या कात्रीला जातो.

चूक कात्रीची नसते. या तंत्रातलं 2018 चं विटॉन हे गाजलेलं मॉडेल, म्हणजे फोटोंवरून शिकलेला संगणकाचा प्रोग्रॅम, आधी फोटोतल्या माणसाचे सांधे, चेहरा आणि शरीराचा ढोबळ आकार ओळखायचं, अंगावरचे कपडे झाकून टाकायचं आणि नव्या कपड्याचा फोटो ताणून-वाकवून त्या जागी बसवायचं. आजची डिफ्यूजन मॉडेल, म्हणजे ठिपक्यांच्या गोंधळातून हळूहळू चित्र घडवणारी, झाकलेला भाग नव्यानं रंगवतात, त्यामुळे सांधेजोड दिसत नाही. पण दोन्हींना शिवून तयार असलेल्या कपड्याचा फोटो लागतो. टेलरकडे तोच तर नसतो! त्याच्याकडे असतं टेबलावर सपाट पसरलेलं कापड. ते दिलं की मॉडेल रंग उचलतं आणि घड्या आपल्या मनानं घालतं. त्याचा सराव बहुतांशी ऑनलाइन दुकानांतल्या टॉप आणि टी-शर्टांच्या फोटोंवर झालेला असतो. साहजिकच पैठणीसुद्धा होजिअरीसारखी अंगाला बिलगते.

म्हणून घडीची माहिती दुकानानंच पुरवायला हवी. कापड पडतं कसं हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्याचं वजन आणि वाकायला ते किती विरोध करतं. हा विरोध मोजण्याची साधी रीत पियर्स या संशोधकानं 1930 साली मांडली. पुठ्ठ्याचा एक उतार करायचा, पाया 20 सेंटिमीटर आणि उंची 17.7, म्हणजे कोन 41.5 अंशांचा होतो. उताराच्या माथ्याला लागून सपाट फळी ठेवायची. कापडाची अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी फळीवर ठेवायची, तिच्यावर मोजायची फूटपट्टी टोकाला टोक लावून ठेवायची आणि दोन्ही मिळून हळूहळू पुढे सरकवायच्या. कापडाचं टोक झुकत झुकत उताराला टेकलं की फळीबाहेर आलेली लांबी वाचायची आणि तिचं निम्मं करायचं. झालं, ही त्या कापडाची वाकलांबी. एकाच पट्टीची दोन्ही टोकं, दोन्ही बाजू तपासून सरासरी घ्यावी, कारण काही कापडं मुळातच एका बाजूला वळतात.

समजा, जॉर्जेट 3 सेंटिमीटर बाहेर आल्यावर टेकलं आणि पैठणीचं सिल्क 6 वर. वाकलांबी झाली दीड आणि तीन. फरक दुपटीचा दिसतो, पण कडकपणा वाकलांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. वजन सारखं धरलं तर हे सिल्क आठपट कडक ठरलं. जॉर्जेटच्या घेराला बारीक, दाट घड्या पडतील; सिल्कला मोजक्या, रुंद, कडा मोडल्यासारख्या.

मोजायची दिशा मात्र शिवणीवरून ठरवावी. साडीचा काठ कुर्त्याच्या घेराला घ्यायचा तर कळी साडीच्या रुंदीत कापावी लागते. मग उभ्यात लोंबतो तो रुंदीतला धागा, बाणा; लांबीतला ताणा आडवा जातो. म्हणून दोन्ही दिशांच्या पट्ट्या तपासायच्या, आणि जरीच्या काठाची वेगळी. कळीच्या तिरप्या कडेला कापड उरेब होतं. तिथे ते जास्त सैल पडतं आणि टांगून ठेवलं की लांबतंही.

आता या आकड्यांचं करायचं काय? दुकानानं शिवलेल्या साध्या, फिक्या, एकरंगी कपड्यांचे फोटो जमवावेत आणि प्रत्येकासमोर त्याची वाकलांबी लिहून ठेवावी. नवं सिल्क आलं की त्याच्या जवळचा आकडा असलेला कळीदार कुर्ता निवडायचा आणि मॉडेलला तोच द्यायचा. खऱ्या घड्या असलेला कपडा मिळाल्यावर मॉडेलला त्या शोधून काढाव्या लागत नाहीत. गिऱ्हाइकाचा फोटोही त्याच ढबीत घ्यावा: समोरून, सरळ उभं राहून, हात अंगापासून जरा लांब, कॅमेरा कमरेच्या उंचीवर. अंगात सैल सलवार-कमीज असेल तर मॉडेल शरीराचा अंदाज त्यावरूनच बांधतं, म्हणून त्या दिवशी अंगाबरोबरचे कपडे बरे.

नक्षी मॉडेलकडून रंगवून घ्यायच्या फंदात पडूच नये. कारण साध्या हिशोबात आहे. समजा चित्र 768 बाय 1024 पिक्सेलचं आहे आणि 160 सेंटिमीटर उंचीची बाई त्यात 900 पिक्सेल व्यापते. एका सेंटिमीटरला साडेपाचच्या आसपास पिक्सेल आले. सेंटिमीटरभराची बुट्टी सहा पिक्सेलांतही मावते. ही मॉडेल बहुधा आठ बाय आठ पिक्सेलांचा चौकोन मोजक्या आकड्यांत दाबून काम करतात; म्हणजे अख्खी बुट्टी एका चौकोनात गडप. परतताना तिथे मोर किंवा कमळ न येता नुसता किडमिड्या ठिपका येतो.

त्यापेक्षा मॉडेलनं एकरंगी कुर्ता चढवून दिला की ते चित्र मोठं करून घ्यावं. फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कळी वेगळी आखायची, कापडाचा सरळ वरून काढलेला फोटो तिच्या धाग्याच्या दिशेनं फिरवून खाली ठेवायचा आणि घड्यांच्या सावल्या 'मल्टिप्लाय' या थर मिसळायच्या सोयीनं त्यावर आणायच्या. प्रमाण राखायला कापडाच्या फोटोत टेप ठेवलेली असावी. 10 सेंटिमीटरचा काठ मूळ चित्राच्या मापात, वरच्या हिशोबानं, 56 पिक्सेलच भरला पाहिजे; चित्र जितक्या पटीनं मोठं केलं तितक्याच पटीनं तो वाढेल. 56 च्या जागी 90 भरला तर गिऱ्हाइकाला भलताच भरजरी कुर्ता दाखवल्यासारखं होईल.

खोटं चित्र ओळखण्याची माझी आवडती खूण काठातच आहे. विणलेला काठ सरळ असतो. कळीच्या घेराची गोलाई त्याला येत नाही. दर शिवणीला तो किंचित मोडतो. चित्रात काठ अखंड गोल वळलेला दिसला की समजावं, ही कल्पनेतली शिलाई आहे. घेराच्या घड्याही मोजाव्यात. तेवढ्याच कडक कापडाच्या जुन्या कुर्त्याला सात पडल्या असतील आणि चित्रात पंधरा असतील, तर ते चित्र दाखवू नये.

काही गोष्टी या रीतीनंही साधत नाहीत. धूपछाँव कापडात ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. घडीच्या वळणावर रंगच बदलतो, आणि सावली कितीही गडद केली तरी तो बदल येत नाही. मापाबद्दल तर चित्र काहीच सांगत नाही. मॉडेल कुठलाही कपडा कुठल्याही अंगाला बसवून देतं. छातीत दोन इंच कमी पडत असले तरी चित्रात ते दिसणार नाही. खुलेपणानं मिळणाऱ्या अनेक मॉडेलांचा परवाना धंद्यासाठी चालत नाही, तोही आधी वाचून घ्यावा.

आणि अस्तर. सुटं सिल्क मोजून चित्र केलं आणि कुर्त्याला आतून कॉटनचं अस्तर लावलं, तर आकडा फुकट गेला. अस्तर कापडालाच जोडून शिवायचं असेल, तर पट्टीही तशीच जोडून शिवायची आणि मग उतारावर सरकवायची. सुटं लोंबणारं असेल तर दोन्ही वेगवेगळी मोजायची.