लाली दिसली नाही म्हणून कमी भरलेला इसब

रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणं सांगितली: लाली, सूज, उष्णता, वेदना. 1798 पासून लंडनमध्ये रॉबर्ट विलनने त्वचारोगांची आपली वर्गवारी प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तीही डोळ्यांना काय दिसतं यावरच. समोरची कातडी बहुतेक गोरी होती, त्यामुळे ‘लाल चट्टा’ हेच वर्णन प्रमाण ठरलं.

गोऱ्या कातडीत दाह झाला की केशवाहिन्या रुंदावतात आणि वाढलेल्या रक्ताचा रंग सरळ वर दिसतो. सावळ्या आणि काळ्या कातडीतही रक्त तितकंच वाढतं, पण त्याच्यावरच्या थरात मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असतं. आत जाणारा आणि परत येणारा प्रकाश ते शोषून घेतं. म्हणून तोच चट्टा जांभळट, राखाडी किंवा गडद तपकिरी दिसतो, आणि कधी कधी आजूबाजूच्या कातडीपेक्षा जेमतेम काळपट. इसब तर अनेकदा केसांच्या मुळांशी बारीक खरखरीत पुटकुळ्या होऊन येतो. चट्टा डोळ्यांआधी बोटांना सापडतो.

खरं नुकसान झालं ते तीव्रता आकड्यांत मोजायला लागल्यावर. इसबासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ईझी’ पद्धतीत लाली, जाडी, ओरखडे आणि कातडी चिवट होणं यांना प्रत्येकी 0 ते 3 गुण देतात. बेरजेला किती भाग व्यापला त्याच्या गुणाने आणि शरीरभागाच्या ठरलेल्या वजनाने गुणतात. समजा पाच वर्षांच्या मुलाच्या पायांवर इसब आहे. लाली 3, जाडी 2, ओरखडे 2, चिवटपणा 1, म्हणजे बेरीज 8. भागाचे गुण 2, पायांचं वजन 0.3, उत्तर 4.8. तोच दाह काळ्या कातडीवर असेल आणि तपासणाऱ्याला लाली 1 वाटली, तर उत्तर 3.6 येतं. मूल तेवढंच खाजवतंय, रात्री तेवढंच जागं राहतंय, आणि कागदावर मात्र आजार पाव हिश्शाने कमी झालेला असतो.

2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाने हे उघडं पाडलं. नेहमीच्या गुणांवर काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या आजारात ठळक फरक दिसत नव्हता. लालीच्या गुणांचा परिणाम हिशेबात धरल्यावर मात्र काळ्या मुलांमध्ये तीव्र इसबाची शक्यता जवळजवळ सहापट निघाली. औषधाची ताकद तीव्रतेवरून ठरत असल्याने हा फरक थेट उपचारापर्यंत पोचतो.

पुढे ‘ईझी’च्या मार्गदर्शनात सूचना आली की गडद कातडीवर लाली ठरवणं अवघड असेल तर तिचे गुण एक पायरी वाढवावेत. माझ्या मते हा ठोकताळाच आहे: दोन तपासणारे एकाच मुलाला वेगळे गुण देऊ शकतात. त्यापेक्षा भरवशाचं म्हणजे चांगल्या उजेडात शेजारच्या निरोगी कातडीशी तुलना करणं, हाताने उष्णता आणि जाडी पाहणं, आणि खाज व झोप यांबद्दल विचारणं. दाह ओसरल्यावरही काळे डाग महिनोन्‌महिने टिकतात. ते सपाट, गार आणि न खाजणारे असतील तर तो चालू आजार नव्हे.