डेटा गळती : कोणत्या नुकसानीची भरपाई मिळते

कंपनीने सांभाळायला घेतलेली ग्राहकांची वैयक्तिक माहिती अनधिकृत हातांत पडणे म्हणजे डेटा गळती. नाव, मोबाईल क्रमांक, पत्ता, कार्डाचा तपशील, पासवर्ड, वैद्यकीय अहवाल यांपैकी काहीही त्यात असू शकते. माहिती फुटली म्हणजे भरपाई मिळालीच, असे मात्र भारतीय कायद्यात नाही. कोणती माहिती फुटली, त्यातून नेमके काय बिघडले आणि दाद कुठे मागितली, या तीन गोष्टींवर निकाल ठरतो. एकाच गळतीत सापडलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला पैसे मिळतात आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही, ते यामुळेच.

दोन कायदे, नुकसानीच्या दोन कल्पना

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३अ आले आणि ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संवेदनशील वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या कंपनीने वाजवी सुरक्षा ठेवण्यात हयगय केली आणि त्यामुळे एखाद्याचे गैरवाजवी नुकसान झाले किंवा कुणाला गैरवाजवी लाभ झाला, तर कंपनी भरपाई देणे लागते. यातला ‘संवेदनशील’ हा शब्द निर्णायक आहे. २०११ च्या नियमांनुसार पासवर्ड, बँक खाते व कार्ड यांसारखे आर्थिक तपशील, शारीरिक-मानसिक आरोग्य, लैंगिक कल, वैद्यकीय नोंदी आणि बायोमेट्रिक माहिती एवढेच संवेदनशील. नाव, मोबाईल क्रमांक, ईमेल आणि घरचा पत्ता या यादीत नाहीत. लाखो लोकांचे फोन नंबर फुटले तरी केवळ तेवढ्यावर कलम ४३अ चालत नाही. बहुतेक लोकांची पहिली निराशा इथेच होते.

दुसरी अडचण ‘गैरवाजवी नुकसान’ या शब्दांत आहे. कलमात त्यांची व्याख्या नाही. फौजदारी कायद्यात हेच शब्द मालमत्तेच्या नुकसानीसाठी वापरले जातात. त्यामुळे खात्यातून गेलेला पैसा या चौकटीत सहज बसतो. धास्ती, मनस्ताप, बदनामी मात्र ओढूनताणून बसवावी लागते. रक्कम ठरवताना कलम ४७ प्रमाणे तीन गोष्टी पाहतात: गैरफायदा किती झाला, नुकसान किती झाले आणि चूक वारंवार होते का.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याची नजर वेगळी आहे. त्यात इजा म्हणजे शरीर, मन किंवा मालमत्ता यांना बेकायदेशीरपणे पोचवलेली कोणतीही हानी. म्हणून मनस्तापाची रक्कम मागायची तर ग्राहक आयोग ही जास्त सोयीची जागा. माहिती ‘संवेदनशील’ असण्याची अटही तिथे नाही. मात्र ग्राहक ठरण्यासाठी मोबदला दिलेला किंवा कबूल केलेला असावा लागतो. पूर्णपणे फुकट ॲपचा वापरकर्ता इथे अडतो.

तक्रारीच्या मांडणीत एक चूक नेहमी होते. विश्वासाने दिलेली माहिती ग्राहकाच्या परवानगीविना दुसऱ्याला उघड करणे ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणून तक्रारदार तेच कलम लावतात. पण हॅकरने चोरलेली माहिती कंपनीने ‘उघड केली’ असे म्हणता येत नाही, आणि कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. त्याऐवजी ‘सेवेतील त्रुटी’ धरावी. त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकाचे नुकसान करणारी हयगय आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही आहे. गळती कळूनही कंपनी गप्प बसली असेल तर हा दुसरा भाग फार उपयोगी पडतो.

एक उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित आहे, नियम खरे आहेत. ऐरोलीतल्या एका ग्राहकाने ठाण्यातील पॅथॉलॉजी लॅबमध्ये २,४०० रुपये भरून तपासण्या केल्या. काही आठवड्यांनी लॅबचा सर्व्हर फुटला आणि नावे, मोबाईल क्रमांक, तपासणीच्या तारखा व अहवाल बाहेर गेले. लॅबने कुणाला कळवले नाही. पुढे ग्राहकाला फोन आला: ‘लॅबमधून बोलतोय, अमुक तारखेच्या थायरॉईड तपासणीचे जादा पैसे परत करायचे आहेत.’ तारीख, तपासणी, डॉक्टरचे नाव, सगळे बरोबर असल्याने ग्राहकाने सांगितलेले ॲप मोबाईलमध्ये घेतले, ओटीपीही दिला आणि खात्यातून ६८,००० रुपये गेले. त्याच संध्याकाळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केल्याने २१,००० रुपये पुढच्या खात्यात गोठले व नंतर परत मिळाले. निव्वळ तोटा ४७,००० रुपयांचा.

पहिला विचार बँकेचा येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घातलेल्या चौकटीत, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, ती तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. पण ओटीपी स्वतः दिला असेल तर ती ग्राहकाची हयगय धरली जाते आणि बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याच्यावर पडतो. म्हणून इथे रोख लॅबकडे वळतो. (ग्राहकाने काहीच न सांगता, केवळ फुटलेल्या कार्ड-तपशिलावर पैसे गेले असते, तर उलट बँकेचाच मार्ग सर्वांत जवळचा ठरला असता.)

कलम ४३अ खालचा दावा राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जातो. महाराष्ट्रात हे काम माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे, म्हणजे मंत्रालयात असते. त्यांची मर्यादा ५ कोटी रुपयांच्या दाव्यापर्यंत. २००३ च्या नियमांप्रमाणे अर्जाचे ५० रुपये आणि त्याशिवाय दाव्याच्या रकमेवर शुल्क लागते. १०,००१ ते ५०,००० रुपयांच्या दाव्याला १,००० रुपये अधिक १०,००० वरच्या रकमेचे ५ टक्के, पुढच्या शंभरापर्यंत पूर्ण करून. ४७,००० साठी हे १,००० अधिक १,८५०, म्हणजे २,८५०, शंभरात पूर्ण करून २,९०० रुपये होतात, अर्जासह २,९५०. शक्यतो चार महिन्यांत ऐकून निर्णय द्यावा आणि सगळे प्रकरण सहा महिन्यांत संपवावे, असे नियम म्हणतो. अपील ४५ दिवसांत टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे.

ओटीपी दिल्याने दावा बुडतोच असे नाही, पण रक्कम घटू शकते. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांसमोर पुण्यातील एका कंपनीचे प्रकरण आले होते. फसव्या ईमेलला उत्तर दिल्यानंतर तिच्या खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले होते. बँकेच्या सुरक्षेतील ढिलाई सिद्ध झाली, तरी तक्रारदारानेही चूक केल्याने जबाबदारी वाटली गेली आणि ४५ लाखांची भरपाई मिळाली. आपल्या उदाहरणातही ४७,००० पूर्ण मिळतील असे गृहीत धरू नये.

आता त्याच लॅबचे आणखी दोन ग्राहक घेऊ. एकीचा अहवाल तिच्या कार्यालयात फिरला, पैसा गेला नाही. अहवाल संवेदनशील माहितीत मोडतो, पण मालमत्तेचे नुकसान नसल्याने कलम ४३अ खाली तिची बाजू लंगडी. ग्राहक आयोगात मात्र मनाला झालेली इजा म्हणून ती नीट मांडता येते, विशेषतः समुपदेशनाची बिले किंवा कार्यालयातला पत्रव्यवहार जोडला तर. दुसऱ्याचा फक्त मोबाईल क्रमांक फुटला आणि जाहिरातीचे फोन वाढले. कलम ४३अ त्याच्यासाठी बंद. आयोगातही ‘उद्या काहीतरी होईल’ एवढ्या भीतीवर फारसे हाती लागत नाही.

आयोगापुढची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात ती चालते. कंपनीचे मुख्यालय बंगळुरूला असले तरी हेलपाटे घालावे लागत नाहीत. ठाणे जिल्ह्याचा आयोग ठाण्यात आहे आणि बेलापूरच्या कोकण भवनात अतिरिक्त आयोग आहे. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. यासाठी भरपाईची मागणी नव्हे, भरलेली किंमत मोजतात. म्हणून २,४०० रुपयांची पावती इथे मोलाची. एकच तोटा न्यायनिर्णय अधिकारी आणि आयोग अशा दोन्हीकडून वसूल करता येत नाही. सर्व्हर महापे किंवा रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये असला म्हणून ते सेंटर चालवणारी कंपनी आपोआप प्रतिवादी होत नाही. ग्राहकाने माहिती दिली लॅबला, उत्तर लॅबने द्यायचे.

दावे कुठे पडतात

पैसे गेले हे सिद्ध करणे सोपे. ते याच गळतीमुळे गेले हे दाखवणे कठीण. मोबाईल क्रमांक दहा ठिकाणी दिलेला असतो, तेव्हा कंपनी सहज म्हणते की माहिती दुसरीकडून गेली. त्यावर उतारा म्हणजे फक्त त्याच कंपनीकडे असलेला तपशील. उदाहरणातल्या ठगाला तपासणीचे नाव आणि तारीख ठाऊक होती, आणि हे दोन्ही एकत्र लॅबच्या नोंदीतच होते. म्हणून ठग काय काय बोलला ते त्याच दिवशी लिहून काढावे, cybercrime.gov.in वरच्या तक्रारीतही ते यावे. ‘फोन आला आणि पैसे गेले’ एवढीच तक्रार पुढे कारणसंबंध जोडायला निकामी ठरते.

स्क्रीनशॉटची कागदी प्रत पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक, नमूद केलेले प्रमाणपत्र जोडायचे असते. मूळ एसएमएस मोबाईलमधून पुसू नयेत आणि ईमेल पूर्ण हेडरसह जपावा.

हयगय दाखवण्यासाठी कंपनीला लेखी विचारावे: गळती केव्हा कळली, माझी कोणती माहिती गेली, सुरक्षेचे कोणते मानक पाळता. २०११ चे नियम आयएस/आयएसओ/आयईसी २७००१ या मानकाचे नाव घेतात, आणि मान्यताप्राप्त स्वतंत्र लेखापरीक्षण झाले असेल तर कंपनीची बाजू बळकट होते. सुरक्षेच्या सूचना मिळूनही पासवर्ड न बदलता ग्राहक बसून राहिला, तर त्यानंतरचा तोटा मागताना अडचण येते.

नवा कायदा : दंड आहे, भरपाई नाही

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ सुरक्षेतील कुचराईला २५० कोटी रुपयांपर्यंत आणि गळती न कळवण्याला २०० कोटींपर्यंत दंड ठेवतो. हा सगळा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. पीडिताला त्यातला एक रुपयाही नाही. शिवाय याच कायद्याचे कलम ४४(२) माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३अ वगळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले आणि ही तरतूद त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्यावर लागू होणार आहे. बदल्यात तेव्हापासून ग्राहकाला मिळेल ते पत्र: गळती कळताच कंपनीने प्रत्येक बाधिताला तिचे स्वरूप, संभाव्य परिणाम, केलेली उपाययोजना आणि संपर्काची व्यक्ती विनाविलंब कळवायची, आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. हे पत्र ग्राहक आयोगापुढे चांगला पुरावा ठरेल, कारण गळती झालीच नाही असे म्हणायची सोय कंपनीला त्यानंतर उरत नाही. भरपाईचा व्यवहार्य मार्ग म्हणून आयोगाचे वजन यापुढे वाढेल ते यामुळे.

युरोपात उलटी वाट धरली गेली. बल्गेरियाच्या कर खात्यातील गळतीवरून युरोपीय न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी ठरवले की माहितीच्या गैरवापराची साधार भीती हीसुद्धा भरपाईयोग्य हानी असू शकते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या माहितीवरचा ताबा सुटणे हेच नुकसान मानले आणि तशा प्रकरणात १०० युरोंच्या आसपासची रक्कम सुचवली. आपल्याकडे केवळ ताबा सुटल्याबद्दल पैसे देणारे कलम कोणत्याच कायद्यात नाही.