लांबी माहीत नसलेल्या प्रवाहातून एकच घटक : रिझर्व्हॉयर सॅम्पलिंगची पार्श्वभूमी

प्रश्न एका वाक्यात मावतो. घटक एकामागून एक येत आहेत, एकूण किती येणार हे माहीत नाही, मागे वळून पाहता येत नाही आणि हाताशी एकच घटक ठेवण्याइतकी जागा आहे. प्रवाह संपेल तेव्हा हातातला घटक असा हवा, की आलेल्या प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची संभाव्यता अगदी सारखी, म्हणजे n घटक आले असतील तर १/n असली पाहिजे.

हा प्रश्न चुंबकीय टेपच्या काळात व्यवहाराचा झाला. टेपवरच्या नोंदी क्रमानेच वाचाव्या लागत. मधल्या एखाद्या नोंदीवर थेट उडी मारायची सोय नव्हती आणि दुसऱ्यांदा वाचायचे तर टेप पूर्ण गुंडाळून पुन्हा सुरुवातीला आणावी लागे. त्यामुळे ‘आधी मोजा, मग रँडम क्रमांक काढा आणि त्या क्रमांकाची नोंद उचला’ हा सरळ उपाय दुप्पट वाचनाचा ठरत होता. १९६२ साली फॅन, मुलर आणि रेझुका यांनी, आणि त्याच वर्षी टी. जी. जोन्स यांनी एका छोट्या टिपणात, एकाच वाचनात नमुना काढण्याची रीत मांडली. एकूण N नोंदींपैकी t नोंदी होऊन गेल्या आहेत आणि एकच नोंद निवडायची आहे, ती अजून निवडलेली नाही, असे समजा. मग पुढची नोंद 1/(N−t) या संभाव्यतेने उचलायची. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’च्या दुसऱ्या खंडात हीच रीत ‘अल्गोरिदम S’ म्हणून येते.

या रीतीत N आधीपासून लागतो. निर्णय ‘अजून किती शिल्लक आहेत’ यावर उभा आहे आणि प्रवाहाच्या बाबतीत नेमके तेच कळत नाही. शिवाय ही रीत एकदा उचललेली नोंद परत सोडत नाही. अडचण सुटते ती इथेच. घेतलेला घटक टाकून देण्याची मुभा घेतली, की निर्णय ‘किती उरले’ यावर न ठेवता ‘आतापर्यंत किती आले’ यावर ठेवता येतो, आणि ते तर नेहमीच माहीत असते. क्नूथ यांच्या त्याच खंडातला ‘अल्गोरिदम R’ या कल्पनेवर चालतो. त्याचे आज प्रचलित असलेले रूप ॲलन वॉटरमन यांच्या नावे नोंदले जाते. तिथे k घटकांचा साठा, म्हणजे ‘रिझर्व्हॉयर’, सांभाळायचा असतो. आपल्या प्रश्नात k = 1, आणि साऱ्या युक्तीचा गाभा या सर्वांत लहान रूपातच स्वच्छ दिसतो.

नियम असा : i वा घटक आला, की १/i या संभाव्यतेने हातातला घटक टाकून हा नवा घ्या, नाहीतर जुनाच ठेवा. पहिल्या घटकाला i = 1, म्हणून तो नक्की घेतला जातो.

```python
import random

def pick_one(stream):
    chosen, i = None, 0
    for i, item in enumerate(stream, start=1):
        if random.randrange(i) == 0:
            chosen = item
    return chosen, i
```

सोबत i परत देण्याला कारण आहे. प्रवाह रिकामा असेल तर i शून्य येतो. एरवी `None` हा खरोखर प्रवाहात आलेला घटक की काहीच आले नाही, हे कळायला मार्ग उरत नाही.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला इथे खटकते ते असे : पहिला घटक नक्की घेतला जातो आणि हजारावा केवळ १/१००० ने, मग दोघांना सारखी संधी कशी? उत्तर टिकण्यात आहे. आधी आलेल्याला घेतले जाणे सोपे, पण त्याला पुढच्या प्रत्येक घटकासमोर टिकावे लागते. चार घटक घेऊ : अ, ब, क, ड. ‘अ’ घेतला जातो १ ने. ‘ब’ समोर तो टिकतो १/२ ने, ‘क’ समोर २/३ ने, ‘ड’ समोर ३/४ ने. गुणाकार 1 × 1/2 × 2/3 × 3/4 = 1/4. ‘ब’ साठी 1/2 × 2/3 × 3/4, म्हणजे पुन्हा १/४. ‘क’ साठी 1/3 × 3/4 = 1/4, आणि ‘ड’ साठी थेट १/४.

सर्वसाधारण सिद्धता हाच गुणाकार आहे. i वा घटक शेवटी हातात असण्यासाठी तो घेतला गेला पाहिजे आणि नंतरच्या j = i+1 पासून n पर्यंतच्या एकाही घटकाने त्याची जागा घेता कामा नये. j व्या घटकाने जागा न घेण्याची संभाव्यता 1 − 1/j, म्हणजे (j−1)/j. म्हणून

```
P(i) = 1/i × i/(i+1) × (i+1)/(i+2) × ... × (n-1)/n = 1/n
```

प्रत्येक अपूर्णांकाचा छेद पुढच्याच्या अंशाशी कटतो आणि i कुठेच उरत नाही. गणिती विगमनाने मांडायचे तर : i−1 घटकांनंतर प्रत्येकाची संभाव्यता 1/(i−1) असेल, तर i व्या फेरीनंतर जुन्या प्रत्येकाची 1/(i−1) × (i−1)/i = 1/i होते आणि नव्याचीही 1/i. विगमनाची मांडणी मला अधिक पटते. समानता फक्त शेवटी साधत नाही, प्रत्येक पायरीनंतर ती असतेच, हे तिच्यात उघड दिसते. लांबी माहीत असण्याची गरज नाही ती याच कारणाने : प्रवाह कुठेही थांबला तरी त्या क्षणीचा घटक योग्यच असतो.

सिद्धतेत दोन गोष्टी गृहीत आहेत, आणि प्रत्यक्षातल्या बहुतेक चुका तिथेच होतात. पहिली, संभाव्यतांचा गुणाकार करता यावा म्हणून प्रत्येक फेरीतली रँडम संख्या आधीच्या संख्यांपासून स्वतंत्र हवी. दुसरी, प्रवाह कुठे थांबतो हे हातात काय आहे यावर ठरता कामा नये. घटकांच्या मजकुरावरून थांबणे चालते, पण ‘हवा तो घटक हातात आला की वाचन थांबव’ असे केले तर थांबण्याची जागाच रँडम निकालावर ठरते आणि १/n चा दावा कोसळतो.

स्वतंत्रतेचा भंग कसा दिसतो ते पाहू. C मधल्या `srand(time(NULL))` ची ओळ लूपच्या आत गेली, की एका सेकंदात होणाऱ्या सगळ्या फेऱ्यांना एकच बीज, म्हणजे रँडम संख्यांची सुरुवात ठरवणारी संख्या, आणि म्हणून एकच रँडम संख्या मिळते. तिला ० ते १ मधला अपूर्णांक U मानून दर वेळी U < 1/i अशी तपासणी होत असेल, तर एकेका फेरीची संभाव्यता बरोबर १/i च असते. तरीही निकाल चुकतो. अट ज्या शेवटच्या i साठी खरी ठरते तोच घटक हाती उरतो, म्हणून n च्या अलीकडच्या i व्या घटकाची संभाव्यता 1/i − 1/(i+1) होते. पहिला घटक निम्म्या वेळा, दुसरा १/६ वेळा, तिसरा १/१२ वेळा! निकाल सतत सुरुवातीकडे झुकत असेल तर आधी बीज कुठे पेरले आहे ते पाहावे.

उलट दिशेचा झुकाव अधिक फसवा असतो. C च्या मानकानुसार `RAND_MAX`, म्हणजे `rand()` देऊ शकेल ती सर्वांत मोठी संख्या, किमान ३२७६७ असावा लागतो, आणि काही C लायब्ररींत तो नेमका तेवढाच असतो. तिथे `rand() % i == 0` लिहिले, की i हा ३२७६८ च्या पुढे गेल्यावर अट फक्त `rand()` शून्य आल्यावरच खरी ठरते. म्हणजे संभाव्यता १/३२७६८ वर गोठते, पुढे कमीच होत नाही. दहा लाख घटकांच्या प्रवाहात शेवटच्या घटकाची संधी असायला हवी त्याच्या सुमारे ३० पट होते. पहिल्या ३२७६८ घटकांपैकी एखादा टिकायचा तर त्याला ९६७२३२ फेऱ्या (1 − 1/32768) ने पार कराव्या लागतात, आणि ती संभाव्यता साधारण e⁻²⁹·⁵, जवळजवळ शून्य. प्रोग्राम चालतो, उत्तर देतो, तक्रार करत नाही, पण पहिले घटक कधीच निवडत नाही.

ही चूक छोट्या चाचणीत सापडत नाही. दहा घटकांवर एक लाख वेळा चालवले तर प्रत्येक घटक सुमारे १०००० वेळा यावा. प्रमाण विचलन √(100000 × 0.1 × 0.9), म्हणजे अंदाजे ९५, तेव्हा त्याच्या तिपटीहून, म्हणजे २८५ हून जास्त फरक दिसला तर संशय घ्यावा. बीजाची चूक इथे लगेच उघडी पडेल, `RAND_MAX` ची नाही. ती पकडायला रँडम संख्यांचा मुद्दाम अरुंद जनक द्यावा, समजा ० ते ७ एवढ्याच संख्या देणारा, आणि १०० घटकांवर चालवून पाहावे. `randrange` सारखे फंक्शन मात्र मागितलेल्या i नुसार लागतील तेवढे बिट घेते, म्हणून वरच्या पायथन कोडला हा धोका नाही.

१९६२ मध्येच दुसऱ्या एका वाटेनेही गणित इथवर आले होते. अल्फ्रेड रेनी विक्रमांचा अभ्यास करत होते : रँडम निरीक्षणांच्या ओळीत i वे निरीक्षण आधीच्या सर्वांपेक्षा मोठे असण्याची संभाव्यता १/i असते आणि या घटना परस्पर स्वतंत्र असतात. प्रत्येक घटकाला येताच एक रँडम अंक चिकटवा आणि सर्वांत मोठा अंक असलेला घटक ठेवा, की तीच आपली रीत. n अंकांपैकी सर्वांत मोठा कुठेही असू शकतो, सारख्याच शक्यतेने, म्हणून १/n. हातातला घटक किती वेळा बदलेल हेही यातून मिळते : 1 + 1/2 + … + 1/n, म्हणजे जवळपास ln n + 0.577. दहा लाख घटकांत सरासरी सुमारे १४ वेळा.

१४ बदलांसाठी दहा लाख रँडम संख्या काढणे ही उधळपट्टी. जेफ्री व्हिटर यांनी १९८५ च्या निबंधात, मधले किती घटक ओलांडायचे हे एकदम काढून ती टाळली. k = 1 साठी हे दोन ओळींत बसते. i व्या जागी बदल झाला असेल, तर m पर्यंत पुन्हा बदल न होण्याची संभाव्यता वरच्याच गुणाकाराने i/m येते. म्हणून पुढच्या बदलाची जागा :

```python
u = 1 - random.random()      # 0 < u <= 1
next_i = int(i / u) + 1
```

`random.random()` शून्य देऊ शकते, पण १ कधीच देत नाही. १ मधून वजाबाकी केल्याने शून्याने भागण्याची वेळ येत नाही. वाचन मात्र टळत नाही. घटक एकेक करून पुढे सरकवावेच लागतात, बचत होते ती रँडम संख्यांची.

मूळ रीत सर्वांत दूरवर पोचली ती पर्लच्या एका ओळीतून, जी पर्लच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत फाइलमधली रँडम ओळ निवडण्यासाठी दिली आहे :

```perl
rand($.) < 1 && ($line = $_) while <>;
```

`$.` म्हणजे वाचलेल्या ओळीचा क्रमांक. तो १ पासून सुरू होतो, `rand($.)` शून्यापासून त्या क्रमांकाच्या आतली संख्या देते, आणि ती १ पेक्षा लहान असण्याची संभाव्यता १/i.