कर्ता नसलेली कर्मणी रचना आणि बातमीतील जबाबदारी

क्रिया सांगायची, ती कशावर किंवा कोणावर झाली तेही सांगायचे, पण ती करणाऱ्याचा उल्लेख टाळायचा, अशा वाक्याला कर्ता नसलेली कर्मणी रचना म्हणतात. ‘फुटपाथवरील टपऱ्या हटवण्यात आल्या’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने पूर्ण आहे. टपऱ्या कोणी हटवल्या, हे मात्र त्यात नाही. बातमीत असे वाक्य आले की वाचकाला घटना कळते, पण तिचा जाब कोणाला विचारायचा ते कळत नाही.

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या प्रयोगांवरून हा प्रकार ओळखायला गेले तर गोंधळ होतो. ‘पोलिसांनी गोळ्या झाडल्या’ हे वाक्य परंपरागत मराठी व्याकरणानुसार कर्मणी प्रयोगातच मोडते, कारण क्रियापद ‘गोळ्या’ या कर्माप्रमाणे चालते. तरीही पोलीस तिथे वाक्याच्या तोंडाशीच उभे आहेत, काहीही झाकलेले नाही. प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या दोन रचनांमुळे. एक म्हणजे ‘गोळ्या झाडल्या गेल्या’. हिला व्याकरणकार नवीन कर्मणी म्हणतात. दुसरी, मराठी वर्तमानपत्रांत सर्वाधिक चालणारी, ‘-ण्यात येणे’ची: गोळीबार करण्यात आला, गुन्हा दाखल करण्यात आला, पाणीपुरवठा बंद करण्यात आला. या दोन्हींत कर्ता ‘-कडून’ लावून आणता येतो, पण आणलाच पाहिजे असे व्याकरण म्हणत नाही. ‘पोलिसांनी’ हा शब्द काढला तर ‘गोळ्या झाडल्या’ हे वाक्य अर्धवट वाटते आणि वाचक लगेच ‘कोणी?’ असे विचारतो. ‘गोळीबार करण्यात आला’ ऐकताना काही राहून गेल्याची खूण कानाला सापडत नाही.

पण कर्ता वगळला तरी त्याची सावली या रचनेत उरते. माणूस ठरवून जी कृती करतो तिलाच ‘-ण्यात येणे’ लागते. ‘इमारत पाडण्यात आली’ असे आपण म्हणतो, ‘इमारत कोसळण्यात आली’ असे कोणी म्हणत नाही. हेतू जोडून पाहिले की फरक आणखी उघड होतो. ‘विम्याचे पैसे मिळवण्यासाठी जहाज बुडवण्यात आले’ हे वाक्य बरोबर आहे. त्यात नाव नाही, पण पैशांवर डोळा ठेवणारा कोणीतरी आहे हे कळते. ‘विम्याचे पैसे मिळवण्यासाठी जहाज बुडाले’ हे वाक्य मात्र चालतच नाही, कारण ‘बुडाले’मध्ये हेतू बाळगणारा कोणी शिल्लकच नाही.

म्हणून जबाबदारी खरी पुसली जाते ती पुढच्या पायरीवर, अकर्मक क्रियापदात. मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत: बुडणे आणि बुडवणे, जळणे आणि जाळणे, पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, फुटणे आणि फोडणे. ‘जमावाने दुकाने जाळली’, ‘दुकाने जाळण्यात आली’ आणि ‘दुकाने जळाली’ ही तीन वाक्ये ओळीने वाचली तर आधी माणसे जातात आणि मग हेतूही जातो. भरती परीक्षांच्या बातम्यांत ‘पेपर फुटला’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की पेपर आपोआप फुटत नाही, कोणीतरी तो फोडून विकतो, हे वाचताना जाणवतही नाही. प्रकल्प ‘रखडतो’, निधी ‘पडून राहतो’, फाइल ‘अडकते’. यांतले एकही वाक्य कर्मणी नाही, म्हणून नुसते कर्मणी प्रयोग शोधणारा टीकाकार इथे फसतो. शेवटची पायरी नामाची. ‘गोळीबाराची घटना’, ‘जीवितहानी’, ‘दुर्दैवी प्रकार’ असे शब्द आले की क्रियापदच उरत नाही, मग कर्ता कोणाला विचारणार?

या पायऱ्या एकाच घटनेच्या वार्तांकनात कशा उतरत जातात, हे भाषाभ्यासक टोनी ट्रू यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. घटना ऱ्होडेशियातली, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतली. १ जून १९७५ रोजी, रविवारी, राजधानी सॅलिसबरीच्या हायफील्ड या कृष्णवर्णीय वस्तीत पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. त्या वेळी तिथे आफ्रिकन नॅशनल कौन्सिल या कृष्णवर्णीयांच्या राजकीय संघटनेच्या नेत्यांची बैठक सुरू होती. देशात इयन स्मिथ यांचे गोऱ्या अल्पसंख्याकांचे सरकार होते. पहिल्या दिवशी ११ मृत आणि १५ जखमी असा आकडा आला.

दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये दोन वर्तमानपत्रांनी दोन तऱ्हांनी बातमी दिली. ‘द गार्डियन’च्या मथळ्यात पोलीस कर्ता होते, क्रिया त्यांची होती, आणि पहिल्याच वाक्यात दंगलविरोधी पोलिसांनी ११ आफ्रिकन निदर्शकांना गोळ्या घालून ठार केल्याचे सांगितले होते. ‘द टाइम्स’चा मथळा कर्मणी होता. त्यात मृत माणसे आधी आली, ‘दंगल करणारे’ हे विशेषण लावून, आणि पोलीस मागाहून आले. पोलीस होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे, कारण ‘टाइम्स’ने ते लपवले असे पुष्कळदा ढोबळपणे सांगितले जाते. मथळ्यात त्यांचा उल्लेख स्पष्ट होता. बातमीच्या पहिल्या वाक्यात मात्र ते दूर गेले. ११ आफ्रिकन ठार झाले हे मुख्य वाक्य कर्त्याविना आले, आणि पोलिसांनी दंगलखोर जमावावर गोळीबार केला हे ‘जेव्हा’ने जोडलेल्या गौण वाक्यात गेले. गोळीबार आणि मृत्यू यांतला कार्यकारणाचा धागा सैल होऊन नुसता काळाचा संबंध उरला.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची बातमी जास्त बोलकी आहे. मृतांचा आकडा १३ वर गेला होता. ‘टाइम्स’च्या मथळ्याचा विषय आता कौन्सिलमधली फूट हा होता. मृत्यूंचा उल्लेख ‘रविवारच्या दंगली, ज्यांत १३ आफ्रिकन मारले गेले’ अशा धर्तीवर, कर्त्याशिवाय, एका उपवाक्यात आला. पोलीस वाक्यातून गेले, आणि त्यांच्या रिकाम्या जागी कारण म्हणून दंगल येऊन बसली. अग्रलेखात तर दंगल आणि दुःखद जीवितहानी अशी नामेच उरली. खोटा म्हणावा असा एकही शब्द यात नाही, आणि माझ्या मते हीच या उदाहरणाची खरी धार आहे. फक्त या दिवसाचे वर्तमानपत्र हातात पडलेल्या माणसाने असे समजावे की आफ्रिकनांच्या आपसातल्या भांडणात १३ जण मेले, तर त्याची चूक काय?

मराठी बातमीत हेच वळण छोट्या जागेत दिसते. नमुन्यादाखल रचलेली ही तीन वाक्ये पाहा. ‘आंदोलकांनी पोलिसांवर दगडफेक केली. परिस्थिती हाताबाहेर जाऊ लागल्याने सौम्य लाठीमार करण्यात आला. त्यात चौघे जखमी झाले.’ दगड कोणी मारले ते पहिल्या वाक्यात आहे. लाठ्या कोणी मारल्या ते दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात चौघे कोण तेही नाही. एकाच बातमीत एका बाजूला कर्ता मिळतो आणि दुसऱ्या बाजूला मिळत नाही, हीच पक्षपात ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण. एकटे ‘करण्यात आला’ काही सिद्ध करत नाही. ‘सौम्य’ हे विशेषणही पाहावे. ते बहुधा पोलिसांच्या निवेदनातले असते आणि कर्त्यासोबत त्याचा बोलविता धनीही गायब होतो. ‘पोलिसांनी लाठीमार केला, त्यात चार आंदोलक जखमी झाले. लाठीमार सौम्य होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे’ असे लिहायला जागा फारशी जास्त लागत नाही.

बातमीदार हे मुद्दाम करतात असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा भाषा कार्यालयातूनच येते. महाराष्ट्राच्या शासन निर्णयांत ‘मान्यता देण्यात येत आहे’ असे लिहितात, पण त्याच कागदाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आणि खाली अधिकाऱ्याची सही व हुद्दा असतो. सरकारची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावी, असे राज्यघटनेचे कलम १६६ सांगते. म्हणजे मूळ कागदात कर्ता तळाशी आहे. बातमीदार मधले वाक्य उचलतो, सही कागदावरच राहते, आणि निर्णय कोणत्या विभागाने घेतला हे बातमीतून गळून जाते.

शब्दयोजनेचा वाचकाच्या न्यायबुद्धीवर परिणाम होतो का, हे मानसशास्त्रज्ञ केटलिन फॉसी आणि लेरा बोरोदित्स्की यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तपासले. उपाहारगृहात लागलेल्या आगीचे वर्णन दोन तऱ्हांनी दिले होते: एकात बाईने वस्तू पेटवली, दुसऱ्यात वस्तू पेटली. पहिले वर्णन वाचणाऱ्यांनी तिला जास्त दोष दिला आणि जास्त भरपाई भरायला लावली. दुसऱ्या एका घटनेत तर चित्रफीत पाहिल्यानंतरही हा फरक टिकला. मात्र ही तुलना सकर्मक आणि अकर्मक वाक्यांची होती, कर्मणीची नव्हती. त्यामुळे कर्ता नसलेल्या कर्मणीलाही ती जशीच्या तशी लावता येत नाही.

वाक्यात कर्ता दिला म्हणजे क्रिया करणारा सापडलाच, असेही नाही. ‘भरधाव कारने दुचाकीस्वाराला चिरडले’ या नेहमीच्या मथळ्यात कर्त्याच्या जागी यंत्र बसले आहे, चालक कुठेच नाही. उलट, कर्ता वगळणे योग्य ठरते अशा जागाही बऱ्याच आहेत. ‘मतमोजणी सकाळी आठला सुरू करण्यात आली’ इथे कर्ता सर्वांना ठाऊक आहे. रात्रीत दुकान फोडले गेले आणि चोर सापडला नाही, तर नाव आणायचे कुठून? आरोप सिद्ध होण्याआधी कोणाला गुन्हेगार ठरवायचे नसते, ही अडचणही खरी आहे. पण त्यासाठी कर्ता पुसावा लागत नाही, विधान कोणाचे ते सांगावे लागते: ‘सुरक्षारक्षकाने गोळी झाडल्याचे दोन प्रत्यक्षदर्शींनी सांगितले; कंपनीने ते नाकारले.’ माहितीच मिळाली नसेल तर ‘लाठीमाराचा आदेश कोणी दिला, हे पोलिसांनी सांगितले नाही’ असे लिहिता येते, आणि त्या वाक्यालाही कर्ता आहे.