देवनागरी पीडीएफ : जोडाक्षरे व स्वरचिन्हांची मांडणी

देवनागरी मजकुराची पीडीएफ फाइल अशी तयार करायची असते, की जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या कागदावर व पडद्यावर योग्य जागी उमटतील आणि तोच मजकूर फाइलमधून शोधता व उचलता येईल. यांतील पहिली अपेक्षा आज बहुतेक साधने पुरी करतात. दुसरी मात्र अनेकदा अपुरी राहते.

अडचणीचे मूळ पीडीएफच्या रचनेत आहे. १९९३ साली आलेल्या आणि २००८ मध्ये आयएसओ मानक झालेल्या या स्वरूपात पानावरचा मजकूर मुळात अक्षरांचा नसून आकृत्यांचा, म्हणजे ग्लिफांचा, असतो. ‘या फॉन्टमधील अमुक क्रमांकाचा ग्लिफ अमुक जागी ठेवा’ अशा आज्ञा फाइलमध्ये असतात आणि वाचक प्रणाली त्या निमूट पाळते. जोडाक्षर जुळवणे हे तिचे काम नाही. युनिकोडमध्ये (देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून, इस्की या भारतीय संगणकीय मानकाच्या धर्तीवर) मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. म्हणजे ‘कि’ मध्ये आधी क आणि मग पहिली वेलांटी, जरी वेलांटी डावीकडे दिसत असली तरी. उच्चारक्रमापासून दृश्यक्रमापर्यंतचा हा प्रवास, ज्याला शेपिंग म्हणतात, पीडीएफ लिहिण्याआधीच पूर्ण व्हावा लागतो. खिळ्यांच्या काळात हे काम जुळारी हाताने करत असे. ‘कि’ साठी तो आधी वेलांटीचा खिळा लावी आणि मग क चा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे घाटदार रूप दिले, त्यामागेही अशी जुळणी होतीच. आता ते काम फॉन्टमधील ओपनटाइप नियम आणि ते वाचणारे हार्फबझसारखे इंजिन मिळून करतात.

मेट्रोच्या फलकांमुळे मुंबईकरांच्या तोंडी रुळलेला ‘मार्गिका’ हा शब्द पाहू. त्यात आठ युनिकोड चिन्हे आहेत: म, काना, र, हलन्त, ग, पहिली वेलांटी, क, काना. शेपिंग करताना इंजिन ‘र्गि’ हा गट वेगळा काढते, ग ला मुख्य व्यंजन ठरवते, वेलांटी ग च्या आधी आणते आणि र व हलन्त यांच्या जागी रफाराची एकच आकृती घेऊन ती गटाच्या शेवटी नेते. सर्वसाधारण फॉन्टमध्ये सात ग्लिफ उरतात: म, काना, वेलांटी, ग, रफार, क, काना. शेपिंग न करणाऱ्या साधनाने हीच फाइल बनवली तर पाय मोडलेला र् ग च्या आधी उभा राहतो आणि वेलांटी ग ला सोडून क च्या डोक्यावर जाते. ‘गिरगाव’ चे ‘गरिगाव’ होते ते याच कारणाने. चाचणीसाठी ‘मुंबई’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण तो त्या कामाचा नाही. त्यात काहीच जागा बदलत नाही, त्यामुळे शेपिंग नसतानाही तो बहुधा बरोबर दिसतो. ‘गिरगाव’, ‘पश्चिम’, ‘मूर्ती’ आणि ‘दऱ्या’ हे चार शब्द लावून पाहिले तर दोष लपत नाही.

‘दऱ्या’ मधील अर्ध्या र विषयी मात्र मतभेद आहेत, आणि मराठीपुरता हाच प्रश्न सर्वांत नाजूक आहे. युनिकोड मानकात या आकृतीसाठी दोन मार्ग दिलेले आहेत. एक, ऱ (U+0931) आणि हलन्त. दुसरा, र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह (U+200D). दुसरा मार्ग मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवला आहे. पहिल्या मार्गावर आक्षेप असा, की ऱ हे चिन्ह द्राविडी भाषांतील ध्वनीच्या लिप्यंतरासाठी आले आणि मराठी ‘दऱ्या’ मधला र हा साधाच र आहे. भाषेच्या अंगाने आक्षेप रास्त आहे. तरी व्यवहारात पहिला मार्ग अधिक भरवशाचा ठरतो. अनेक प्रणाली मजकूर स्वच्छ करताना अदृश्य चिन्हे गाळतात आणि मग ‘दऱ्या’ चा ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ चे ‘आचार्यांना’ होते. डोंगरातल्या खोलगट जागेचा समुद्र आणि स्वयंपाक्याचा गुरू. असा दोष शुद्धलेखन तपासनीसालाही सापडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. पहिल्या मार्गात चूक झालीच तर ती उघडी पडते: र खाली नुक्ता आणि हलन्त दिसला की शेपिंग झालेले नाही हे कळते. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ हा र च्याच कळीवर शिफ्टसह मिळतो. दोन्ही लेखने शोधात एकमेकांना जुळत नाहीत, म्हणून एका दस्तऐवजात एकच पाळावे.

पायथनमधील fpdf2 या साधनात शेपिंग आपण होऊन होत नाही, ते चालू करावे लागते. त्यासाठी uharfbuzz, म्हणजे हार्फबझचा पायथन दुवा, बसवलेला असावा.

```
from fpdf import FPDF
pdf = FPDF()
pdf.add_page()
pdf.add_font("Noto", fname="NotoSansDevanagari-Regular.ttf")
pdf.set_font("Noto", size=16)
pdf.set_text_shaping(True, script="deva", language="mr")
pdf.cell(text="मार्गिका गिरगाव दऱ्या")
pdf.output("chachani.pdf")
```

भाषेचा `mr` हा निर्देश गाळू नये. ज्या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी रूपे दिलेली आहेत, तेथे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श (राज्य शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयातील रूपे) त्यामुळेच निवडली जातात. निर्देश नसेल तर हिंदी वळणाची रूपे येतात. क्रोम, लिबरऑफिस आणि झीलाटेक् यांत शेपिंग मुळातच असते.

दिसायला निर्दोष असलेल्या फाइलमधून ‘मार्गिका’ उचलून दुसरीकडे चिकटवली तर कधीकधी वेलांटी ग च्या आधी आणि रफार ग च्या नंतर पडतो. फाइलमध्ये प्रत्येक ग्लिफला युनिकोडशी जोडणारा तक्ता असतो, पण तो ग्लिफ ज्या क्रमाने ठेवले त्याच क्रमाने अक्षरे परत देतो, आणि तो क्रम दृश्य आहे. उपाय म्हणजे त्या गटाभोवती मूळ मजकूर नोंदवणे. ‘र्गि’ साठी फाइलच्या आत ते असे दिसते. ठिपक्यांच्या जागी फॉन्टनुसार ग्लिफक्रमांक येतात:

```
/Span << /ActualText <FEFF0930094D0917093F> >> BDC
<...> Tj
EMC
```

झीलाटेक् मध्ये `\XeTeXgenerateactualtext=1` एवढ्या ओळीने अशी नोंद आपोआप होते. पडताळा पॉपलर या पीडीएफ साधनसंचाच्या आज्ञेने घ्यावा:

```
pdftotext chachani.pdf -
```

बाहेर आलेला शब्द मूळ शब्दाशी चिन्हागणिक जुळला पाहिजे. छपाईला देताना अक्षरे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे नुसत्या रेषाकृती बनवून, पाठवण्याची जी रीत आहे तिने पान नक्कीच बरोबर उमटते. परंतु त्या फाइलमध्ये मजकूर म्हणून काहीच उरत नाही, त्यामुळे शोध चालत नाही आणि अंध वाचकाच्या उच्चारकाला वाचायला काही सापडत नाही. म्हणून कर्व्ह केलेली प्रत फक्त छापखान्यात जावी. संकेतस्थळावर ठेवायची प्रत वेगळी काढावी.

मुंबईशी या विषयाचा संबंध मुख्यतः फॉन्टनिर्मितीतून येतो. रा. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० सोबत आला आणि ओपनटाइप नियमांनी जुळणारी देवनागरी सामान्य संगणकांवर पोहोचली. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून त्यांचा ‘रघु’ हा फॉन्टही निघाला. ‘मुक्त’ हा खुल्या परवान्याचा फॉन्ट मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचा आहे. युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. त्या फॉन्टमधून बनलेल्या पीडीएफ आजही सुबक दिसतात, पण त्यांतून मजकूर उचलला तर रोमन अक्षरांची निरर्थक रांग मिळते. त्यांना वरील उपाय लागू पडत नाही. प्रत्येक फॉन्टचा स्वतंत्र रूपांतर-तक्ता वापरून मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि पीडीएफ नव्याने बनवावी लागते.