उंचीच्या कॉलममध्ये 37: कच्च्या आकडेवारीची तपासणी शीट

समजा, एका तालुक्यातल्या अंगणवाड्यांमधून पाच वर्षांखालच्या मुलांच्या वजन-उंचीची एक्सेल फाइल आली आहे. चाळीस हजार ओळी. A मध्ये क्रमांक, B मध्ये जन्मतारीख, C मध्ये मोजमापाची तारीख, D मध्ये वजन, E मध्ये उंची, F मध्ये केंद्राचा कोड, G मध्ये लिंग. या फाइलवरून तालुक्यात किती मुलं खुजी आणि किती तीव्र कुपोषित हे ठरणार आहे. अशा फाइलची सरासरी काढण्याआधी तिची तपासणी शीट बनवावी लागते, आणि त्या शीटचा पहिला नियम असा की तिने काहीही दुरुस्त करायचं नाही. मूळ आकडे जसे आले तसे कुलूपबंद राहतात. शेजारच्या कॉलमांत फक्त खुणा पडतात: नियम मोडला तर 1, नाही तर 0. वेगळ्या शीटवर प्रत्येक नियमासमोर किती ओळी अडकल्या याचा आकडा येतो. दुरुस्ती करायची की नाही, हा निर्णय माणसाने नंतर आणि कारण कळल्यावर घ्यायचा असतो.

सुरुवात रिकाम्या जागांपासून करू. एक्सेलचं `COUNTBLANK` खरोखर रिकामे सेल मोजतं, पण कुणी चुकून स्पेसबार दाबलेला असेल तर तो सेल त्याच्या लेखी भरलेला असतो. म्हणून मोजणी अशी करावी:

```
=SUMPRODUCT(--(LEN(TRIM(E2:E40001))=0))
```

याहून फसवी असते ती वेष पालटून आलेली रिकामी जागा. अ‍ॅपने रकाना सक्तीचा केला की उंची न मोजलेल्या मुलापुढे 0 किंवा 999 टाकलं जातं, कारण काहीतरी भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. या ओळीही रिकाम्यांतच मोजायच्या. मग केंद्रानुसार आणि वयानुसार त्या कुठे साचल्यात ते पाहायचं. दोन वर्षांखालच्या मुलांचीच उंची नसेल, तर बहुधा त्या केंद्रात बाळाला आडवं झोपवून लांबी मोजायची पाटी नाही. असे सेल सरासरीने भरून टाकले, तर अख्खा वयोगट न मोजताच मोजल्यासारखा दिसू लागतो.

आता तारखा. इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण या फाइलमधली सगळ्यात घातक चूक तारखांच्या कॉलममध्ये असते आणि ती दिसायला अगदी स्वच्छ असते.

अशक्य तारखा पकडणारे साधे नियम सगळ्यांनाच सुचतात: मोजमाप जन्माच्या आधी, तारीख उद्याची, वय साठ महिन्यांहून जास्त. ते लावायचेच. पण पुढचा प्रसंग पाहा. मोजमाप मोहीम 5 ते 23 जून 2023 या दिवसांत झाली. फाइल आपल्या नेहमीच्या पद्धतीने, आधी दिवस मग महिना, अशी सीएसव्हीमध्ये आली. ज्या संगणकावर ती डबल-क्लिक करून उघडली त्याची तारीख-पद्धत अमेरिकी होती, म्हणजे आधी महिना मग दिवस. एक्सेलने 05/06/2023 हे मुकाट्याने 6 मे म्हणून वाचलं. 07/06/2023 हे 6 जुलै झालं. 12/06/2023 हे 6 डिसेंबर. पण 13/06/2023 मध्ये तेरावा महिना सापडेना, म्हणून तो मजकूर म्हणून तसाच राहिला आणि सेलच्या डाव्या कडेला चिकटला.

आता जुलैअखेर कुणी ही फाइल तपासली, तर 'भविष्यातली तारीख' हा नियम 6 ऑगस्ट ते 6 डिसेंबर पकडेल. 6 मे आणि 6 जुलै सहीसलामत निसटतील. 'तारीख नव्हे, मजकूर' हा नियम 13 ते 23 जूनच्या ओळी पकडेल, म्हणजे नेमक्या त्या ओळी ज्यांत तारीख बरोबर आहे. घाईत असलेला माणूस खूण पडलेल्या ओळी काढून टाकतो, आणि हाती उरतात त्यातल्या बहुतेक चुकीच्या.

मोजमापाच्या तारखेला निदान मोहिमेची चौकट आहे. 5 ते 23 जूनबाहेरचं सगळं अडवा, एवढा एक नियम पुरतो. त्यातून सुटते फक्त 6 जून, आणि ती उलटी वाचली तरी तीच राहते. शिवाय महिना वेगवेगळा पण दिवस प्रत्येक वेळी 6, ही ठेवण एकदा नजरेत भरली की कारण विचारायची गरज उरत नाही. जन्मतारखांना मात्र अशी चौकट नसते. तिथे मोजणी कामाला येते. वर्षाच्या 365 दिवसांपैकी 221 दिवसांचा आकडा 12 पेक्षा मोठा असतो. म्हणून फाइल उलटी वाचली गेली असेल तर साधारण 60 टक्के जन्मतारखा मजकूर म्हणून उरतात.

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(B2:B40001))
```

हे उत्तर चोवीस हजारांच्या आसपास आलं, तर उरलेल्या सोळा हजार 'चांगल्या' तारखांवर विश्वास ठेवू नका. त्यातल्या 1 जानेवारी, 2 फेब्रुवारी अशा बारा जुळ्या तारखा तेवढ्या सुरक्षित. म्हणजे सगळ्या मुलांपैकी सुमारे 36 टक्क्यांची जन्मतारीख चुकीची असते आणि त्यातल्या बहुतेकांवर एकही खूण पडलेली नसते.

याने काय बिघडतं ते एका मुलावर पाहू. मुलगा 8 फेब्रुवारी 2021 चा, मोजमाप 5 जून 2023 चं, उंची 82 सेंमी. खरं वय जवळपास 28 महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकानुसार या वयाच्या मुलग्यासाठी खुजेपणाची सीमा 83 ते 84 सेंमीच्या दरम्यान येते, म्हणजे हा मुलगा खुजा आहे. उलट्या वाचनात त्याचा जन्म 2 ऑगस्ट 2021 आणि मोजमाप 6 मे 2023 होतं, वय 21 महिने. त्या वयाची सीमा 79 ते 80 सेंमी. मुलगा कागदावर ठणठणीत झाला. दुसरीकडे, ज्यांचं वय चुकून वाढलं ती धडधाकट मुलं खुजी ठरतात. तालुक्याच्या एकूण टक्केवारीत या दोन चुका एकमेकींना बऱ्याच झाकतात, पण सेविकेच्या हातात जी नावांची यादी जाते ती चुकीची असते.

उपाय म्हणजे मूळ सीएसव्ही पुन्हा आणायची आणि आयात करताना तारखेच्या कॉलमला 'दिवस-महिना-वर्ष' असं सांगायचं. `=DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2))` असं सूत्र लावून दिवस-महिना अदलाबदल करता येते, पण त्याच फाइलमध्ये दुसऱ्या संगणकावर हाताने बरोबर भरलेल्या ओळी मिसळल्या असतील तर त्या बिघडतात. आणखी एक गोष्ट मोजावी: महिन्याच्या 1 तारखेला किती जन्म आहेत. अपेक्षा साधारण 3.3 टक्के. शाळेच्या दाखल्यावर 1 जून जन्मतारीख असलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. अंदाजाने लिहिलेल्या तारखा अशाच एका दिवशी गोळा होतात.

एककांची तपासणी वेगळे पडलेले आकडे शोधण्याआधी करायची. हा क्रम चुकला तर काय होतं ते पाहा. हजार मुलांचं सरासरी वजन 12 किलो आहे आणि एकाच मुलाचं वजन ग्रॅममध्ये, 13200 असं लिहिलंय. त्या एका आकड्याने सरासरी 25 वर जाते आणि प्रमाण विचलन 400 च्या वर. आता 'सरासरीपासून तीन प्रमाण विचलनं' हा नियम लावला तर वरची मर्यादा बाराशे किलोच्या पुढे जाते, आणि दशांश चिन्ह गाळून लिहिलेलं 130 किलोचं बाळ त्यातून आरामात सुटतं. मोठी चूक लहान चुकीला आडोसा देते.

एकक ओळखायची रीत सोपी आहे. नोंदलेल्या आकड्याला त्या वयाच्या मधल्या अपेक्षित आकड्याने भागायचं. तीन वर्षांच्या मुलग्याचं अपेक्षित वजन 14.3 किलो, उंची 96.1 सेंमी. भागाकार 1 च्या आसपास आला तर ठीक. वजनाचा भागाकार हजाराजवळ आला तर ते ग्रॅम, 0.1 जवळ आला तर दशांश चिन्ह एक घर सरकलंय. उंची 37 असेल तर भागाकार 0.385 येतो, इंचासाठी अपेक्षित 0.394. म्हणजे 37 इंच, 94 सेंमी. नुसत्या सेंटीमीटरमध्ये 37 हे नवजात बाळालाही फार कमी, कारण पूर्ण दिवसांचं बाळच पन्नासच्या आसपास असतं. फुटांच्या नोंदी मात्र कागदी रजिस्टर पाहिल्याशिवाय बदलू नयेत. 3.11 लिहिणाऱ्याच्या मनात 3 फूट 11 इंच असेल तर ते 119 सेंमी, आणि दशांश फूट असतील तर 95 सेंमी. या रीतीला खालची मर्यादाही आहे. झोपवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण 0.7 सेंमीने जास्त भरते, पण एवढा फरक कोणताही भागाकार दाखवणार नाही. त्यासाठी मोजण्याची पद्धत नोंदवणारा वेगळा कॉलमच हवा.

एककं जुळल्यावर मगच वेगळे पडलेले आकडे. 15 किलो हे वजन तीन वर्षांच्या मुलाला साधं आणि तीन महिन्यांच्या बाळाला अशक्य, म्हणून सरसकट मर्यादा इथे चालत नाही. प्रत्येक आकडा वय आणि लिंगानुसार अपेक्षेपासून किती विचलनं दूर आहे, म्हणजे झेड-स्कोअर, आधी काढायचा. जागतिक आरोग्य संघटनेचं Anthro सॉफ्टवेअर ते काढून देतं. संघटनेच्या मर्यादा अशा: वयानुसार वजन उणे 6 च्या खाली किंवा 5 च्या वर, वयानुसार उंची उणे 6 च्या खाली किंवा 6 च्या वर, उंचीनुसार वजन उणे 5 च्या खाली किंवा 5 च्या वर असेल तर खूण.

या मर्यादा मुद्दाम सैल ठेवलेल्या आहेत. उंचीनुसार वजन उणे 3 च्या खाली गेलं की मूल तीव्र कुपोषित, म्हणजे 'सॅम', धरलं जातं. उणे 4 चं मूल आउटलायर नाही, ते आजारी आहे आणि त्याच्यासाठीच हे सगळं मोजमाप चाललं होतं. कुणी 'नीटनेटकेपणासाठी' उणे 3 वर कात्री लावली तर तालुक्यातली सगळी सॅम मुलं एका क्लिकमध्ये नाहीशी होतात. उणे 5 च्या खालचं मूलसुद्धा परस्पर वगळू नये. ते पुन्हा वजनकाट्यावर जावं, शक्य तर त्याच आठवड्यात.

म्हणून तपासणीतून बाहेर पडणारी शेवटची यादी केंद्रानुसार लावायची आणि पर्यवेक्षिकेकडे द्यायची. तिच्यात ओळ क्रमांक, मूळ आकडा, मोडलेला नियम, संभाव्य कारण, घेतलेला निर्णय, निर्णय घेणाऱ्याचं पद आणि तारीख असावी. एका केंद्राच्या सगळ्या उंच्या 30 ते 42 च्या दरम्यान असतील तर तिथली टेप इंचाची आहे. एक फोन केला की काम झालं. 100 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर दशांशानंतरचा प्रत्येक अंक साधारण दहाव्या हिश्श्याने यायला हवा. एखाद्या केंद्राची निम्मी वजनं .0 किंवा .5 वर संपत असतील, तर तिथे आकडे डोळ्यांच्या अंदाजाने गोल केले गेले आहेत. अशा केंद्रात एकाही ओळीवर खूण पडलेली नसली, तरी तिथलं वजन पुन्हा घ्यावं लागतं.